चरायला गेलेला होकार

त्या वर्षी दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपली, धान कापून झाले, घरोघरी पुंजणे उभे राहिले आणि मामीचा ट्रॅक्टर आमगावच्या गॅरेजात दोन तुकडे होऊन पडला. पुंजणा म्हणजे कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचा ढीग. तो मळणीची वाट बघतो आणि त्याचा मालक थ्रेशरची. मामीच्या गावात थ्रेशर एकच होता, मामीचा, आणि तो ट्रॅक्टरशिवाय म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

मामा वारल्यावर गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसाने मामीला एकच सल्ला दिला होता, की ट्रॅक्टर विकून टाक. मामीने ड्रायव्हर ठेवला आणि मळणीच्या पाळ्या स्वतः वाटल्या. आता ट्रॅक्टर बंद पडल्यावर तेच शहाणे संध्याकाळी दारावरून जाताना विचारत, "आला का वो ट्रॅक्टर?" शेजारच्या गावचा थ्रेशरवालाही येऊन गेला. ओट्यावर बसून चहा प्याला आणि म्हणाला, "मी आहोच ना बाई. तुमी कायले तरास घेता?" एक घर पाळी सोडून त्याच्याकडे गेलं असतं, तर बाकीची मेंढरासारखी गेली असती. पुढच्या वर्षी मामीकडे पाळी मागायला कोणी आलं नसतं. चिंता ही होती.

मी तेव्हा गोंदियात ग्राहकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका लहानशा संघटनेत होते. भांडायला माणसं कमी होती, म्हणून आम्ही मुख्यतः पत्रकं काढायचो. पत्रक लिहिण्यात माझा हात बसला होता. रेशन दुकान, गॅस, खासगी शिकवण्या, कोणताही अन्याय मी कागदाच्या एका बाजूत बसवून देत असे. दुसऱ्या बाजूचे छपाईवाला वेगळे पैसे घ्यायचा.

मामीचा फोन आला, गावच्या तलावाच्या बांधावर जाऊन केलेला. "पोरी, सहा हजार सांगून तेरा हजार साडेतीनशे मांगून राहिला मिस्त्री. पुरे देल्याशिवाय ट्रॅक्टर नाई सोडत म्हन्ते."

"सहा हजार लिहून दिलेत का?"

"मेसेज आहे ना मोबाईलात. मी हव म्हटली ते बी आहे."

"मग ऐक मामी, एक पैसा जास्त द्यायचा नाही."

"पैशाचं नाई वो. तुहा मामा होता तवा त्याले इचारल्याशिवाय एक नट बी बदलत नोता तो. आता बाई आहे म्हून इचाराचं नाई का?"

हे वाक्य मी लगेच वहीत टिपून घेतलं. पत्रकाला मथळा हवा असतो. आमगावला जाणाऱ्या बसमध्ये मसुदाही झाला: 'विचारणार कोण? एकट्या बाईच्या ट्रॅक्टरवर डल्ला!' खाली तीन जाहीर सवाल. चौथा सुचत नव्हता, पण तो गॅरेजात मिळेल याची खात्री होती.

मामी आणि तिचा ड्रायव्हर बस स्टँडवर चहाच्या टपरीशी उभे होते. मामीने पदराच्या गाठीतून रुमाल काढला आणि रुमालातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. तो पेशंटचा एक्सरे असावा तसा.

मी आधी मेसेज वाचायला बसले. दुरुस्तीच्या भांडणात पहिलं काम हेच असतं. काय बिघडलं होतं, काम चांगलं झालं की वाईट, हे सगळं नंतर. मालकाला काय विचारलं, मालकाने कशाला होकार दिला आणि कशाचा विषयच निघाला नाही, हे आधी वेगळं काढावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना हे तिन्ही एकच वाटतं. त्यांना बिलाचा शेवटचा आकडा तेवढा दिसतो आणि त्याच्यावर ते रागावतात.

मामीच्या मोबाईलात गोष्ट स्वच्छ होती. वर मिस्त्रीचा मेसेज: क्लच प्लेट जळली आहे, प्लेट आणि मजुरी मिळून सहा हजार, करू का? त्याच्या लगेच खाली मामीचं उत्तर: "हव. करून टाका." त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीचे मिस्त्रीचे चार मेसेज. दोन फोटो आणि दोन आवाजाचे. त्याच्या खाली त्याच्या पुढच्या दिवशीचा एकच ओळीचा मजकूर, की गाडी तयार आहे, टोटल इतके. त्यानंतर काही नाही.

"हे फोटो कशाचे आहेत?" मी विचारलं.

"मले का मालूम? उघडतच नाई ते. नुसता गोल फिरते अना बान दिसते."

"आणि हे बोललेले?"

"ते बी नाई वाजत. मी म्हटली, काम करून राहिला तं दाखवत असन बापडा."

गावात नेटवर्क नव्हतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेटवर्कची एक काडी यायची, तीही हवा बरी असली तर. लिहिलेलं तेवढ्यात सुटून यायचं, फोटो आणि आवाज अर्ध्यात अडकायचे. आमगावात नेटवर्क भरपूर. मी बाणावर बोट ठेवलं आणि ते चारही मेसेज टपरीवरच्या बाकावर पहिल्यांदा उघडले. एका फोटोत प्रेशर प्लेट होती, तिच्या अंगावर निळेकाळे डाग आणि भेगा. दुसऱ्यात इंजिनच्या मागच्या तोंडाशी तेल पाझरलेलं. मग मिस्त्रीचा आवाज, मागे कोणीतरी हातोडा मारतंय:

"काकीजी, गाडी खोली है. प्रेशर प्लेट भी गई, उसका बयालीस सौ. ऑइल सील लीक है, वो नहीं बदले तो नई प्लेट पे तेल आएगा. बेअरिंग भी आवाज कर रहा." दुसऱ्यात, "फ्लायव्हील को खराद पे फेस मारना पडेगा. सब मिला के छे हजार के आसपास और. बोलो तो करूं."

"बोलो तो करूं," मी मोठ्याने म्हटलं. "आणि तू बोललीस का?"

"मी तं आइकलीच नाई, बोलू काहून?"

झालं. होकार वर, नवा खर्च खाली. होकारानंतर सांगितलेलं काम होकाराशिवाय केलेलं काम असतं, यात वकिलाचीही गरज नव्हती. मी वहीत चौथा सवाल लिहिला. ड्रायव्हरने चहाचा ग्लास ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, भांडन लवकर आटपा. मले सांजच्या आत ट्रॅक्टर नेऊन थ्रेशर जोडाचा आहे. उद्या सरपंचाच्या भावाची पाळी आहे. तो एक दिवस थांबला, दुसरा थांबत नाई."

गॅरेज रेल्वे फाटकाच्या पुढे, बोराच्या झाडाखाली होतं. मिस्त्री पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, हात कोपरापर्यंत काळे. मामीला बघून तो उठला. "आओ काकीजी. गाडी एकदम टनाटन." मग माझ्याकडे आणि माझ्या वहीकडे पाहून चष्मा खाली डोळ्यांवर घेतला.

मी म्हटलं, "मिस्त्री, साधा सवाल आहे. बाईंनी हो कशाला म्हटलं होतं?"

"सबको."

"सबको कुठे? क्लच प्लेटला म्हटलंय. बाकीचं तुम्ही नंतर घुसवलं."

"घुसवलं?" आता तो मराठीत आला. गोंदियाकडची माणसं भांडताना हिंदीतून मराठीत येतात किंवा मराठीतून हिंदीत जातात, दोन्ही वाईट लक्षणं. "मॅडम, मी फोटो धाडले, आवाज धाडला, भाव सांगितले. मंग बाईंचा हव आला. तवा हात लावला. मंग आला, पयले नाई."

त्याने कोपऱ्यातली बोरी, म्हणजे पोतं, ओढून माझ्यासमोर उलटी केली. आमच्याकडे मिस्त्री जुना माल बोरीत भरून मालकाच्या हवाली करतो. तशी रीतच आहे, नाहीतर बदललं म्हणून सांगून तेच बसवलं असा बोभाटा होतो. जळकी क्लच प्लेट, भेगाळलेली प्रेशर प्लेट, कडक झालेलं ऑइल सील, खडखडणारं बेअरिंग. ड्रायव्हरने बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं आणि मान हलवली. बेअरिंग खरंच गेलेलं होतं.

"काम झालं नाही असं मी म्हणतच नाही," मी म्हटलं. "विचारलं का, हा सवाल आहे."

"इचारलं."

"उत्तर?"

"आलं."

"कधी?"

त्याने खिशातून मोबाईल काढला, पँटला पुसला आणि दाखवला. त्याच्या मोबाईलात वर त्याचा क्लच प्लेटचा मेसेज होता. त्याच्या खाली दोन फोटो. त्याच्या खाली दोन आवाज. आणि सगळ्यांच्या खाली मामीचं: "हव. करून टाका."

मी ते दोनदा वाचलं. मग जे म्हणायचं तेच म्हटलं. "तुम्ही हा मेसेज खालीवर केलाय."

"मॅडम, मले चष्मा लावून बी त्या मोबाईलात बायकोचा नंबर सापडत नाई. मी खालीवर करीन?"

"मग पुसून परत मागवला असेल."

"कोनाकून मांगवीन? काकीजीचा फोन तं लागतच नाई. शंभरदा लावला. 'कवरेज क्षेत्र से बाहर.' म्हून तं मेसेज."

फडक्याने पुसलेल्या मडगार्डवर मी दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी ठेवले. तीच माणसं, तेच शब्द, तोच 'हव', आणि दोन वेगळ्या गोष्टी. एकीत मामीने एका प्लेटीला होकार दिला होता आणि मिस्त्रीने तिच्या डोक्यावर बाकीचं लादलं होतं. दुसरीत मिस्त्रीने सगळं रीतसर विचारलं होतं आणि मामी आता उलटली होती. दोन्ही मोबाईल तितकेच शांतपणे चमकत होते.

मग मी वेळ पाहिली. मामीच्या मोबाईलात 'हव'च्या कडेला आदल्या संध्याकाळची वेळ होती. मिस्त्रीच्या मोबाईलात त्याच 'हव'च्या कडेला दुसऱ्या दिवशीची, सूर्य चांगला वर आल्यानंतरची.

"मामी, तू हे संध्याकाळी लिहिलंस का सकाळी?"

"सांजच्यालेच. चूल पेटवली अना लिवली."

"मग त्याला दुसऱ्या दिवशी का मिळालं?"

मामीने माझ्याकडे मी शहरात राहून बिघडल्यासारखं पाहिलं. "घरी नेटवर्क कोठी आहे? मोबाईल सकारी चराले गेला तवा गेला असन."

मिस्त्री म्हणाला, "कहां गया?"

"चराले."

हे गावाबाहेर कोणाला सांगावं लागतं. सकाळी ढोरकी गावची ढोरं घेऊन तलावाकडे निघायचा, तेव्हा ज्यांच्या घरी नवे मोबाईल आले होते ते आपापला मोबाईल त्याच्या पिशवीत टाकायचे. तो पाळीवरच्या पळसाच्या फांदीला पिशवी टांगायचा. दिवसभर ढोरं खाली चरायची आणि मोबाईल वर. लिहून ठेवलेलं जायचं, कोणी धाडलेलं यायचं. संध्याकाळी ढोरं आपापल्या गोठ्यात आणि मोबाईल आपापल्या घरात. ढोरामागे ढोरक्याला वर्षाचे धान ठरलेले होते. मोबाईलमागे चहा. कोणाचा फोन वाजला तर तो उचलत नसे. एकदा उचलला होता, त्यातून एका घरात सासू-सुनेचं लागलं, तेव्हापासून नाही.

पाळीवर जाऊन उभं राहण्यापेक्षा हे सोयीचं होतं आणि गावाने ते कोणाच्याही पत्रकाशिवाय उभारलं होतं. त्यात खोट एवढीच, की माणूस संध्याकाळी हो म्हणायचा आणि त्याचा होकार सकाळी ढोरांबरोबर निघायचा. मध्ये रात्र जायची. त्या रात्रीनंतर, सकाळी लवकर, मिस्त्रीने ट्रॅक्टर उघडला, आतलं पाहिलं आणि चार मेसेज टाकले. मग पिशवी पळसावर चढली. मामीचा कालचा होकार निघाला आणि मिस्त्रीच्या मोबाईलात जाऊन आजच्या प्रश्नांच्या खाली बसला.

मिस्त्रीचा विश्वास बसेना. खरं म्हणजे माझाही नव्हता. मग तिथेच करून पाहिलं. मामीच्या मोबाईलचं नेट मी बंद केलं आणि मिस्त्रीला उद्देशून लिहिलं: "चहा सांगा." शेजारी घड्याळाचं चिन्ह आलं, म्हणजे लिहिलं आहे पण गेलेलं नाही. मिस्त्रीला म्हटलं, आता तुम्ही काहीतरी धाडा. त्याने बराच वेळ बोटाने टोचून धाडलं, "एक प्लेट समोसा मंगाऊं क्या", आणि त्यानंतर, "जलेबी भी लाऊं क्या". मग मी नेट सुरू केलं. दोन्ही मोबाईल वाजले. मामीच्या मोबाईलात चहा वर, समोसा आणि जलेबी खाली. मिस्त्रीच्या मोबाईलात समोसा, जलेबी आणि त्यांच्या खाली होकारासारखा बसलेला चहा.

"बाप्पा," ड्रायव्हर म्हणाला.

मिस्त्रीने चष्मा परत कपाळावर नेला. "मतलब मैं भी झूठा नहीं."

"मी बी नाई," मामी म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीत चार सवाल होते आणि त्यातला एकही आता कोणाला विचारण्यासारखा नव्हता. मला राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे कळेना. पत्रक लिहिणाऱ्या माणसाची याहून वाईट अवस्था नाही. मी वही उलटली आणि बिल मागितलं.

बिल घेऊन मी तीन भाग पाडले. पहिला, क्लच प्लेट आणि मजुरी, सहा हजार. हा होकार दोन्ही मोबाईलात होता. दुसरा, प्रेशर प्लेट, सील, बेअरिंग आणि फ्लायव्हीलचं लेथवरचं खरादकाम. हा होकार एकाच मोबाईलात होता. मिस्त्रीने प्रामाणिकपणे घेतला, मामीने प्रामाणिकपणे दिला नव्हता. आणि हे दोन्ही बाजूला काढल्यावर बिलाच्या तळाशी एक ओळ उरली: सेल्फ रिपेरिंग, चौदाशे.

"हे कधी विचारलं?"

मिस्त्रीने बिल उचलून डोळ्यांजवळ नेलं.

मी दोन्ही मोबाईल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. दोन्हीकडे सेल्फचा, म्हणजे चावीने इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टरचा, शब्द नव्हता. फोटोत नव्हता. आवाज पुन्हा वाजवले. हातोडा होता, सेल्फ नव्हता.

"वो तो साथ में कर दिया," तो म्हणाला. "ट्रॅक्टर तोडला तर सेल्फ उतरवावाच लागते. कार्बन घिसला होता, बुश ढिला. मंग तुमीच म्हनाल, हातात होता तं करून काऊन नाई देला?"

"मग विचारायचं."

"छोटंसं काम."

"छोटं होतं तर फुकट करायचं. चौदाशे लावले म्हणजे मोठं झालं. इथे ना ढोरकी आडवा आला, ना नेटवर्क. इथे तुम्ही विचारलंच नाही."

हे मी जरा मोठ्याने म्हटलं असावं. शेजारी आपला ट्रॅक्टर घेऊन बसलेला एक शेतकरी उठून जवळ आला आणि स्वतःचं बिल उघडून वाचायला लागला.

आता दुसरा भाग. मी म्हटलं, निम्मे निम्मे करा. मामी म्हणाली, "थांब वो." ती बोरीतल्या मालाकडे बघत होती. "सीलचं बराबर आहे. तेल आलं असतं तं नवी प्लेट बी गेली असती. बेअरिंग बी देतो. खरादवाल्यानं काम केलं, त्याचे देतो. मी आइकली असती तं याईले हवच म्हटली असती."

मिस्त्री म्हणाला, "यही तो..."

"पन प्रेशर प्लेटीले नसती म्हटली."

"काऊन?"

"घरी नवी पडून आहे. तुह्या दुकानातूनच नेल्ती इच्या मामानं, मरायच्या पयलेच्या उन्हाळ्यात. डब्बा बी फोडला नाई. कोठीवर ठेवली आहे." आवाज तसाच सपाट होता. "मी आइकली असती तं सांगतली असती, घरची लाव."

मिस्त्रीने बोरीतली जुनी प्रेशर प्लेट उचलून पाहिली. त्याला तो उन्हाळा आठवला असावा. "हां," तो म्हणाला. "भाऊ एक ज्यादा ले के गये थे." मग हात पुसत म्हणाला, "मॉडेल वही है. डब्बा बंद है तो मेरे काम की है. धाडून द्या, मी बयालीस सौ काटतो."

"उद्या एसटीच्या कंडक्टरपाशी देतो."

"चलेगा."

दुसरा भाग असा मिटला. एकही जाहीर सवाल लागला नाही. राहिला सेल्फ.

"ते चौदाशे कापा," मी म्हटलं.

मिस्त्रीचा चेहरा कडक झाला. बाकी सगळ्यात तो खरा ठरला होता, इथे नव्हता, आणि ते त्याला आमच्यापेक्षा जास्त लागलं. "मॅडम, माल लगा है मेरा. पैसे नाई देत तं मी माल काढून घेतो. जुना कार्बन, जुना बुश, बोरीत आहे. जसा होता तसा करून देतो. फिर तो ठीक?"

त्याला वाटलं होतं, बाई घाबरेल. गॅरेजात आल्यापासून ड्रायव्हर सरपंचाच्या भावाची पाळी त्याच्यासमोर दोनदा बोलून गेला होता. मलाही वाटलं, आता मामी म्हणेल, जाऊ दे पोरी, दे टाकून. तिच्या डोळ्यांसमोर पुंजणे असणार आणि शेजारच्या गावचा तो चहा पिऊन गेलेला माणूस. ड्रायव्हर तर तोंडाने म्हणालाही, "काकी, देऊन टाका ना. सेल्फ चांगला लागून राहिला."

मामीने बोरीचं तोंड उघडून त्याच्याकडे सरकवलं. "काढ."

मिस्त्रीने काढला. मनाविरुद्ध, पण नीट काढला. स्वतःच्या शब्दात अडकलेला माणूस काम फार व्यवस्थित करतो. जुने कार्बन बसवले, सेल्फ चढवला, वायर आवळली. मामीने बाकीचे पैसे मोजून दिले. बिलावरची शेवटची ओळ मिस्त्रीने स्वतःच्या पेनने खोडली आणि शेजारी सही केली. मी तो कागद घडी करून ठेवला. आमच्या संघटनेच्या इतिहासात असा निखळ विजय क्वचितच झाला असेल.

मग ड्रायव्हरने चावी फिरवली. सेल्फने घसा खाकरला आणि गप्प झाला. पुन्हा फिरवली. 'टक्'.

"आधी असाच होता का?" मी विचारलं.

"आधी तिसऱ्या खेपेले लागत होता," ड्रायव्हर म्हणाला. "एकदा हलवल्यावर आता तेवढं बी नाई."

मिस्त्री आत गेला. त्याने साखळी आणली. ज्याचं स्वतःचं बिल वाचणं अजून चालू होतं, त्या शेतकऱ्याला म्हणाला, "भाऊ, जरा टोचन मारा." शेतकऱ्याने आपला ट्रॅक्टर पुढे लावला, साखळी ताणली गेली, आणि मिस्त्री, मी आणि मामी मागून उगाचच हात लावून चाललो. इतक्या मोठ्या ट्रॅक्टरला तीन माणसांच्या हाताने काही होत नाही, पण मागे उभं राहून बघत राहणंही बरं दिसत नाही. फाटकाच्या अलीकडे ड्रायव्हरने क्लच सोडला आणि इंजिन धडधडलं. नवी क्लच प्लेट उत्तम होती.

"बंद नको करजो बे," मामीने ओरडून सांगितलं.

त्याने तो बंद केला नाही. मामी मडगार्डवर बसून गेली. सरपंचाच्या भावाचा पुंजणा दुसऱ्या दिवशी मळून झाला, मग पुढच्या पाळीचा, मग त्याच्या पुढच्या. कोणी पाळी मोडली नाही. शेजारच्या गावचा थ्रेशरवाला पुन्हा आला तेव्हा मामीने त्याला चहा दिला आणि उभ्यानेच दिला, असं मला नंतर कळलं.

मी परतीच्या बसमध्ये पत्रक नव्याने लिहिलं. मथळा: 'दुरुस्तीला नुसता हो म्हणू नका, वस्तूचं नाव लिहा.' खाली थोडक्यात, की होकार देताना कशाला आणि किती रुपयांना ते त्याच मेसेजात लिहा, नेटवर्क नसलेल्या गावात तर नक्कीच. आमच्या संघटनेच्या अध्यक्षांनी ते वाचलं, उलटून पाहिलं आणि विचारलं, "यात लुटणारा कोण आहे?" मी म्हटलं, चौदाशेपुरता एक आहे. ते म्हणाले, चौदाशेला मोर्चा निघत नाही. पत्रक छापलं, पण कमी. आमगावच्या बाजारात मी ते वाटलं, तेव्हा लोकांनी घडी घालून त्यात मिरच्या नेल्या.

मामीचा सेल्फ मात्र त्या हंगामात दुरुस्त झाला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता, आणि हंगामात ट्रॅक्टर एक दिवसही गॅरेजात ठेवणं परवडणारंही नव्हतं. सेल्फ नसलेला ट्रॅक्टर उतारावर उभा ठेवावा लागतो, म्हणजे सकाळी ब्रेक सोडला की घरंगळत चालू होतो. मामीच्या गावात उतार एकच, तलावाच्या पाळीचा. म्हणून ड्रायव्हर रोज संध्याकाळी ट्रॅक्टर पाळीवर नेऊन लावायचा, आणि रोज सकाळी मामी स्वतः तिथे जायची, कारण ब्रेक सुटताना ट्रॅक्टरपुढे कोणाचं ढोर आलं तर बोलणी मालकालाच खावी लागतात. जाताना मोबाईल तिच्याच कमरेला असायचा. त्याला चरायला पाठवायची गरज उरली नाही.

मळण्या संपत आल्या तेव्हा मी चार दिवस तिच्याकडे गेले होते. पाळीवर थंडी होती, ड्रायव्हर ब्रेक सोडायच्या बेतात होता, आणि मामीचा मोबाईल वाजला. मिस्त्रीचा लिहिलेला मेसेज होता. आवाज नाही, फोटो नाही.

"काकीजी, सीझन खतम हुआ तो गाडी ले आओ. सेल्फ का कार्बन और बुश, चौदा सौ. करूं क्या?"

मामीने ड्रायव्हरला हाताने थांब म्हटलं. मोबाईल डोळ्यांजवळ नेला, दूर नेला आणि एका बोटाने लिहायला लागली. बराच वेळ लागला. माझ्याकडे मान वळवून विचारलं, "'फक्त' कसा लिवते वो?" मी दाखवलं. मग तिने मला स्क्रीन वाचून दाखवायला सांगितलं, पाठवण्याआधी.

"हव. फक्त सेल्फ. तेराशे."

पाठवलं. तिथल्या तिथे गेलं. आम्ही तिघेही मोबाईलकडे बघत उभे राहिलो. थोड्याच वेळात उत्तर आलं.

"ठीक है. फक्त सेल्फ. साढे तेरा सौ."

"सोड रे ब्रेक," मामी म्हणाली.